दरमहा ३५० रुपयांची नोटीस: एका सोसायटीतल्या जनरेटर आकाराचं प्रकरण

मी सोसायट्यांची हिशेबाची कामं करतो. बिलं काढणं, वसुली मांडणं, ऑडिटला वह्या लावून देणं. हे प्रकरण त्यातल्याच एका सोसायटीचं. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आकड्यांची मांडणी मात्र तशीच ठेवली आहे, कारण सगळा वाद आकड्यांभोवतीच झाला.

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम उपनगरातली सोसायटी. दोन विंग, खाली पार्किंग, वर अकरा मजले, मजल्यावर चार फ्लॅट. म्हणजे एकूण ८८ सभासद. प्रत्येक विंगला दोन लिफ्ट. बिल्डरने जाताना ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर बसवून दिला होता, तो चारही लिफ्ट, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे आणि पाण्याचा पंप चालवायचा. घरात वीज नाही. ज्याचा त्याचा इन्व्हर्टर. मेंटेनन्स महिन्याला २,६०० रुपये, बिल तिमाही.

जनरेटरचा खर्च या २,६०० मध्येच धरलेला होता. वार्षिक अंदाजपत्रकात 'जनरेटर – डिझेल व देखभाल' अशी ६०,००० रुपयांची ओळ होती. ती कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर टाकली हे कुणालाच आठवत नव्हतं. दरवर्षी मागच्या वर्षीचा आकडा खाली उतरवला जायचा. लाइट फार जायची नाही तोवर ते खपूनही गेलं.

मग एका उन्हाळ्यात परिसरातली जमिनीखालची केबल वारंवार निकामी होऊ लागली. गुरुवारची देखभाल-दुरुस्तीची बंदी नेहमीची होतीच. त्यात संध्याकाळी दोन-दोन तास वीज जायला लागली. मे महिन्यात जनरेटर ४६ तास चालला.

पेच कुठून सुरू झाला

मेच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातला लाइट गेली. वॉचमनने जनरेटर सुरू केला. तो चारेक मिनिटं चालला आणि धापा टाकत बंद पडला. डिझेल संपलं होतं. अ विंगच्या लिफ्टमध्ये बहात्तर वर्षांच्या एक काकू सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या. वीज गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं बॅटरीवरचं उपकरण त्या लिफ्टला होतं, पण त्याची बॅटरी मेलेली होती. लिफ्ट हाताने खाली घेऊन दार उघडेपर्यंत अठरा मिनिटं गेली. काकूंना काही झालं नाही. त्यांच्या मुलाने मात्र रात्रीच सेक्रेटरींना गाठलं.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. डिझेल का संपलं, तर खजिनदार गावाला होते आणि चेकवर सही नव्हती. पैसे का नव्हते, तर ६०,००० ची ओळ केव्हाच उलटून गेली होती. तिथल्या तिथे ठरलं, जनरेटरचा वेगळा आकार लावायचा. तीन जूनला नोटीस बोर्डावर आणि ग्रुपवर हे लागलं:

> *सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वाढत्या डिझेल खर्चामुळे दि. १ जूनपासून प्रत्येक सदनिकेस जनरेटर आकार रु. ३५०/- दरमहा लागू करण्यात येत आहे. सर्वांनी सहकार्य करावे. – कमिटी*

दोन वाक्यं. लागू झाल्याची तारीख नोटिशीच्या दोन दिवस आधीची. आकडा कुठून आला याचा पत्ता नाही. सभेचा उल्लेख नाही. खाली सही नाही, नुसतं 'कमिटी'.

त्या रात्री ग्रुपवर दीडशेच्या वर संदेश पडले. बहुतेक नुसता आरडाओरडा होता, पण चार मुद्दे खरे होते. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "मी लिफ्ट वापरतच नाही." एका बंद फ्लॅटचे मालक सिंगापूरहून म्हणाले, "आमच्याकडे कुणी राहतच नाही." दोन बेडरूमवाल्यांचं म्हणणं, तीन बेडरूमवाल्यांकडून जास्त घ्या. आणि ब विंगमधल्या एक निवृत्त बँक अधिकारी बाईंनी एकच ओळ टाकली: "आतापर्यंत डिझेल कशातून भरत होता? ते पैसे मेंटेनन्समधून कमी करणार का?"

या ओळीला तीन दिवस उत्तर आलं नाही. सगळं प्रकरण खरं म्हणजे तिथेच होतं.

३५० आले कुठून

पाच जूनला सेक्रेटरींचा मला फोन आला, "पुढच्या बिलात ही ओळ घाला." मी म्हटलं, "साहेब, ठरावाची प्रत पाठवा." ठराव नव्हता. मग ३५० चं गणित विचारलं. त्यांनी एका चिठ्ठीचा फोटो पाठवला.

मे महिन्यात २९९ लिटर डिझेल, लिटरला ९१ रुपयांप्रमाणे २७,२०९. त्याच महिन्यात स्टार्टर दुरुस्त केला त्याचे ३,६००. बेरीज ३०,८०९. भागिले ८८, म्हणजे ३५०.

गणितात चूक नव्हती. फक्त वर्षातला सगळ्यात वाईट महिना उचलून तोच बाराही महिने चालेल असं धरलं होतं, आणि वर एकदाच झालेली दुरुस्ती दरमहाच्या आकड्यात बसवली होती. हे मी इतर सोसायट्यांतही पाहिलंय. आकार नेहमी उन्हाळ्यात ठरतो, कारण रागही तेव्हाच असतो आणि बिलंही तेव्हाच हातात असतात.

मी सांगितलं की ठरावाशिवाय ही ओळ बिलात घालणार नाही. तोवर १९ जणांनी यूपीआयने ३५० रुपये भरूनही टाकले होते. ते ६,६५० रुपये पुढे प्रत्येकाच्या खात्यावर जमा दाखवावे लागले. नोटिशीबरहुकूम मुकाट पैसे भरणाऱ्यांचंच काम आमच्याकडे सगळ्यात जास्त वाढतं, हा एक अनुभव.

नोंदवही आणि डिपची काठी

जनरेटरच्या खोलीत एक वही असते. वॉचमन तीत चालू-बंदची वेळ लिहितो. या वहीत 'चालू ७.१०, बंद ८.०५' अशा नोंदी होत्या, काही पानांवर चहाचे डाग, मधले अकरा दिवस कोरे. त्यावर विसंबता येत नव्हतं. पण जनरेटरच्या पॅनेलवर तासांचं मीटर असतं, गाडीच्या किलोमीटरसारखं, आणि ते कुणी विसरलं म्हणून थांबत नाही. मागच्या वर्षीच्या जूनमध्ये सर्व्हिसवाल्याने आपल्या कार्डावर ३,४१२ तास लिहिले होते. आता ३,५९८ होते. म्हणजे वर्षभरात १८६ तास, त्यात दर आठवड्याला दहा मिनिटं चालवून बघतात ते धरून.

डिझेलच्या पावत्या जुळवल्या, तर वर्षात १,२१० लिटर. तासाला साडेसहा लिटर.

इथे कमिटीतला एक तरुण सभासद म्हणाला, "हे जास्त वाटतंय." तो वाहनाच्या इंजिनांच्या कारखान्यात काम करतो. त्याचं म्हणणं असं: ६२.५ केव्हीएचा संच पूर्ण भाराला साधारण पन्नास किलोवॅट देतो. आपल्याकडे त्यावर दिवे, पंप आणि अधूनमधून वरखाली होणाऱ्या लिफ्ट एवढंच आहे. इतक्या हलक्या भाराला तासाला साडेचार-पाच लिटर पुरायला हवं.

मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं, कारण त्याला काहीही खर्च नव्हता. गुरुवारी वीज बंद राहणार हे आधी माहीत होतं. बुधवारी रात्री टाकी गळ्यापर्यंत भरली. गुरुवारी जनरेटर चार तास चालला. मग कॅनने मोजत टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. वीस लिटर गेले. म्हणजे तासाला पाच. मग वर्षाची सरासरी साडेसहा कशी?

पुढच्या गुरुवारी तेच केलं, पण या वेळी जिम चालू ठेवली. तीन तासांत एकवीस लिटर. तासाला सात.

दोन वर्षांपूर्वी क्लब हाउसच्या जिममध्ये चार एसी बसवले होते. बसवणाऱ्याने जवळ जो पॅनेल दिसला त्यातून वायर ओढली, आणि तो जनरेटरचा होता. लाइट गेली तरी जिममधला एसी बंद पडत नाही, याचं आजवर कौतुकच झालं होतं. चार एसी म्हणजे सहा-सात किलोवॅट. तासाला दोन लिटर तिथेच जात होते.

त्या संध्याकाळी डिझेल का संपलं त्याचाही उलगडा यातच झाला. टाकीत बुडवायची एक काठी असते, डिपची काठी. तिच्यावर नेलपॉलिशने खुणा केलेल्या होत्या आणि वॉचमनला शिकवलेलं होतं की मधल्या खुणेपर्यंत डिझेल असेल तर बारा तास चिंता नाही. खुणा एसी बसण्यापूर्वीच्या होत्या. एसी चालू असले की मधल्या खुणेचे बारा तास आठ-नऊवर येत होते. वॉचमनने काठी बघितली होती आणि त्याच्या हिशेबाने डिझेल पुरेसं होतं. सही नव्हती, पैसे नव्हते हेही खरंच, पण काठी खरं बोलली असती तर ओरड दोन दिवस आधी झाली असती.

त्याच गुरुवारी आणखी एक गोष्ट निघाली. जनरेटर चालू असताना इलेक्ट्रिशियन मजल्या-मजल्यावर फिरून काय काय चालू आहे ते बघत होता. ब विंगच्या पहिल्या मजल्यावर एका फ्लॅटमधून मिक्सरचा आवाज आला. इन्व्हर्टरवर मिक्सर सहसा कुणी लावत नाही. दार वाजवलं तर पंखा फिरतोय, फ्रिज चालू. हा बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट होता. गिऱ्हाईक आलं असताना लाइट जाऊ नये म्हणून त्याला जनरेटरची लाइन दिली होती, ती बारा वर्षं तशीच. तिथले भाडेकरू म्हणाले, "मालकांनी इन्व्हर्टर चांगला बसवलाय, अशीच समजूत होती आमची."

एका फ्लॅटने डिझेल किती खाल्लं असेल? नगण्य. पण ही बातमी आधी फुटली असती आणि नंतर ३५० ची नोटीस निघाली असती, तर ती सोसायटी पुढची पाच वर्षं कुठलाही आकार वाढवू शकली नसती. कमिटीने इथे शहाणपणा केला. लाइन त्याच आठवड्यात तोडली आणि सभेच्या टिपणात स्वतःहून लिहिलं.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय, मेंटेनन्सच वाढवायचा, वेगळी ओळ नको. सोपा आहे आणि बऱ्याच ठिकाणी तेच करतात. पण मग पुन्हा तेच होतं: जनरेटरवर किती गेलं हे कुणालाच दिसत नाही आणि ६०,००० ची ओळ वर्षानुवर्षं उतरवली जाते.

दुसरा, प्रत्यक्ष जेवढा खर्च तेवढाच दर महिन्याला वाटायचा. ऐकायला सगळ्यात न्याय्य. पण बिल तिमाही निघतं, पैसे आधी लागतात. पंपवाला उधारीवर डिझेल देत नाही. शिवाय मे-जूनच्या बिलात एकदम चारशे आणि जानेवारीत चाळीस, असं झालं की दरवेळी भांडण नव्याने.

तिसरा, ठरावीक रक्कम आगाऊ घ्यायची आणि नंतर प्रत्यक्ष खर्चाशी ताळा करायचा.

चौथा पर्याय त्या तरुणानेच मांडला: लाइट गेल्यावर प्रत्येक विंगची एकच लिफ्ट चालवायची, म्हणजे भार कमी, डिझेल कमी. सर्व्हिसवाल्या मेकॅनिकने याला मोडता घातला. डिझेल इंजिन फार हलक्या भाराला तासन्‌तास चालवलं तर इंधन पूर्ण जळत नाही, धुराड्यातून काळं तेलकट पाणी गळायला लागतं आणि आत काजळी धरते. त्याने धुराड्याच्या जोडाखाली बोट फिरवून दाखवलं. ते काळंकुट्ट आलं. एसी काढल्यावर भार आधीच कमी होणार, त्यात दोन लिफ्ट आणखी काढू नका, असं त्याचं म्हणणं. उलट आठवड्याची चाचणी रिकामी चालवून न घेता पंप लावून घ्या, असं त्याने सुचवलं. ते लगेच मान्य झालं.

वाटणी कशी करायची हा खरा वादाचा भाग होता, आणि इथे कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्ट चालवण्याचा आणि देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी समान सोसायचा असतो, लिफ्ट वापरा वा न वापरा. सामाईक दिव्यांचा खर्च सेवा शुल्कात येतो, आणि तेही सदनिकांमध्ये समान. म्हणजे पहिल्या मजल्याला सूट नाही, बंद फ्लॅटला नाही, आणि क्षेत्रफळाप्रमाणे कमी-जास्तही नाही. मात्र हे नोंदणीकृत सोसायटीचं झालं. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च ज्याच्या त्याच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. तिथे तीन बेडरूमवाल्याला जास्त पडतं. पुण्यात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी उभे असतात आणि लोक एकमेकांच्या नोटिशी ग्रुपवर टाकत असतात, त्यातून गोंधळ वाढतो. आपली संस्था कोणत्या कायद्याखाली आहे हे नोंदणी प्रमाणपत्रावर बघून मगच वाटणीवर बोलावं.

पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांना हे पटलं नाही. पण त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की त्यांचा राग लिफ्टवर नव्हताच. जनरेटरची खोली त्यांच्या बेडरूमच्या बरोबर खाली होती, आणि रात्री अकरानंतर तो चालला की खिडकीची काच थरथरायची. आकारात सूट देता येत नव्हती, पण जनरेटरखालचे झिजलेले रबरी पॅड बदलता येत होते. ते बदलले. नंतर त्यांनी आकारावर वाद घातला नाही.

आकडा आणि सभा

आता हिशेब असा बसला. एसी आणि सॅम्पल फ्लॅट काढल्यावर तासाला पाच लिटर. वर्षाचे १८६ तास धरले तर ९३० लिटर, ९१ रुपयांनी ८४,६३०. वर्षाचा सर्व्हिसचा करार, तेल, फिल्टर, किरकोळ दुरुस्ती मिळून ३२,०००. स्टार्टर बॅटरी तीन वर्षांतून एकदा, वर्षाला ३,००० पडतात. एकूण १,१९,६३०. दर फ्लॅटला महिना ११३ रुपये. थोडी जागा ठेवून १२०.

आणि बँकवाल्या बाईंचा प्रश्न. अंदाजपत्रकातले ६०,००० म्हणजे फ्लॅटमागे महिना जवळपास ५७ रुपये आधीच मेंटेनन्समधून घेतले जात होते. वेगळी ओळ लावली आणि मेंटेनन्स तसाच ठेवला, तर ते दोनदा घेतल्यासारखं झालं असतं. कमिटीतल्या दोघांना वाटत होतं की याबद्दल गप्प बसावं, ५७ रुपये कुणाच्या लक्षात येणार? पण ते लक्षात आणून देणारी व्यक्ती ग्रुपवर होतीच. शेवटी मेंटेनन्स २,६०० वरून २,५४५ करायचा ठरलं. म्हणजे प्रत्यक्ष वाढ महिन्याला ६५ रुपये.

३५० वरून ६५. सभेत हे सांगताना सेक्रेटरींना स्वतःचाच आधीचा आकडा चुकीचा होता असं म्हणावं लागणार होतं, आणि ते त्यांना जड जात होतं. मी सुचवलं की टिपणात पहिल्या परिच्छेदातच ते लिहून टाका, म्हणजे तोंडाने म्हणावं लागणार नाही. त्यांनी तसं केलं.

विशेष सर्वसाधारण सभेला पाच पूर्ण दिवस आधी सूचना लागते; त्यांनी दहा दिवस दिले आणि सूचनेसोबत हिशेबाचं एक पान जोडलं. सभेला ५१ जण आले. इतके एरवी गणपतीच्या महाप्रसादालाच येतात. विरोधात चार मतं पडली.

दुसरी नोटीस

सभेनंतर निघालेली नोटीस मी मसुद्यापासून पाहिली होती, म्हणून पूर्ण देतो.

> विषय: जनरेटर आकार (लिफ्ट व सामाईक दिवे) – १ ऑक्टोबरपासून
>
> सर्व सभासदांस,
>
> ३ जूनची दरमहा रु. ३५० ची नोटीस रद्द झाली आहे. तो आकडा केवळ मे महिन्याच्या खर्चावरून काढला होता व तो चुकीचा होता. ज्या १९ सभासदांनी ती रक्कम भरली, त्यांच्या खात्यावर ती ऑक्टोबरच्या बिलात जमा दिसेल.
>
> विशेष सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार १ ऑक्टोबरपासून प्रत्येक सदनिकेस जनरेटर आकार दरमहा रु. १२० राहील. त्यातील रु. ३५ सर्व्हिस, तेल व बॅटरीसाठी आणि रु. ८५ डिझेलसाठी आहेत. हा खर्च आजवर मेंटेनन्समध्ये धरला जात होता, म्हणून मेंटेनन्स रु. २,६०० ऐवजी रु. २,५४५ करण्यात येत आहे. म्हणजे आपल्या बिलात प्रत्यक्ष वाढ दरमहा रु. ६५ आहे.
>
> वीज गेल्यावर जनरेटरवर काय चालेल: चारही लिफ्ट, जिना व पार्किंगचे दिवे, पाण्याचा पंप. काय चालणार नाही: जिममधील एसी व कोणत्याही सदनिकेतील वीज. जिमचे एसी व ब विंगमधील एका सदनिकेस बिल्डरच्या काळापासून असलेली जोडणी जनरेटरवरून काढली आहे.
>
> आकार सर्व सदनिकांना समान आहे. मजला, वापर किंवा सदनिका बंद असणे यावरून त्यात फरक होणार नाही. उपविधीत तशी तरतूद आहे.
>
> तासांच्या मीटरचे वाचन व खरेदी केलेले डिझेल दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत बोर्डावर लागेल. दर सहा महिन्यांनी जमा व खर्चाचा ताळा करून फरक पुढील बिलात दाखवला जाईल.
>
> शंका असल्यास रविवारी १० ते १२ या वेळेत ऑफिसमध्ये यावे. नोंदवही पाहता येईल.
>
> आपला,
> सचिव

'काय चालणार नाही' हा भाग मी आग्रहाने घालायला लावला. आकार म्हटलं की लोकांना वाटतं आता घरात पंखा चालेल. एका दुसऱ्या सोसायटीत नेमका याच गैरसमजावरून अर्धा पावसाळा गेला होता.

पुढे काय झालं

ऑक्टोबरच्या बिलानंतर फोन जेमतेम पाच-सहा आले. दोन सभासदांनी १२० रुपये वजा करून बिल भरलं. एकाने जानेवारीत बाकी भरली, दुसऱ्याची थकबाकी नियमाने वाढत राहिली.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. ऑक्टोबर ते मार्च जनरेटर फक्त ४१ तास चालला. डिझेल २०५ लिटर, १८,६५५ रुपये. डिझेलपोटी जमा झाले होते ४४,८८०. मार्चअखेर २६,२२५ रुपये शिल्लक. नोटिशीत 'दर सहा महिन्यांनी ताळा करून फरक पुढील बिलात' असं आम्हीच लिहिलं होतं. एका सभासदाने बरोबर भागाकार करून २९८ रुपये परत मागितले. शब्दाप्रमाणे त्याचं बरोबर होतं.

ते पैसे तेव्हा परत केले असते, तर जूनमध्ये पुन्हा मागावे लागले असते. एप्रिल ते सप्टेंबर १४९ तास झाले. ७४५ लिटर, ६७,७९५ रुपये, म्हणजे जमेपेक्षा २२,९१५ जास्त. दोन्ही सहामाह्या मिळून वर्षाला ३,३१० रुपये शिल्लक राहिले. कमिटीने मार्चमध्ये पैसे धरून ठेवले आणि तसं बोर्डावर लिहिलं, पण त्यासाठी ठराव नव्हता. पुढच्या वार्षिक सभेत ताळा वर्षातून एकदा, सप्टेंबरअखेर, असा बदल मंजूर करून घ्यावा लागला. त्या सभासदाने सभेत सांगितलं की त्याला पैसे नको होते, लिहिलंय तसं करता का ते बघायचं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

सहा महिन्यांचा ताळा ही चूक माझीही आहे; मसुदा मीच वाचला होता. ज्या खर्चाला ऋतू असतो त्याचा ताळा पूर्ण वर्षाचाच हवा, हे डोक्यात असूनही निसटलं.

दुसरं, जनरेटरच्या खर्चाचं सगळं नीट मांडलं आणि लिफ्टमधलं ते बॅटरीचं उपकरण मागे पडलं. काकू अडकल्या त्याचं निम्मं कारण ती मेलेली बॅटरी होती. चारही लिफ्टच्या बॅटऱ्या तपासायला ऑगस्ट उजाडला, आणि तपासल्यावर चारपैकी तीन बाद निघाल्या. आकाराची चर्चा सुरू होण्याआधी, मेच्या त्या आठवड्यातच, हे करायला हवं होतं. जनरेटर असो वा नसो, वीज गेल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाला माणसाला बाहेर काढतं ते हेच उपकरण.

डिझेलसाठी आता सेक्रेटरींकडे १०,००० रुपयांची वेगळी रोकड असते, खजिनदारांच्या सहीची वाट बघावी लागत नाही. काठीवरच्या खुणाही नव्याने काढल्या. तरुण सभासदाने त्या तेलरंगाने केल्या, शेजारी तास लिहिले. वॉचमनला मात्र जुनीच खूण दिसायची सवय आहे, म्हणून तिच्यावर काळी टेप गुंडाळली आहे.